साइटवरचा ‘सर्टिफाइड’ शिक्का नेमकं काय सांगतो? पैसे गुंतवण्याआधी हे वाचा

मागच्या व्हिडिओखाली धुळ्याच्या एका भावाचा मेसेज आला होता. आग्रा रोडवर त्याचं मोबाइल ॲक्सेसरीजचं छोटं दुकान आहे. त्याला एकाने ऑफर दिली : “आमच्या गेमिंग साइटचा एजंट हो. दोन लाख डिपॉझिट भर, तुझ्या एरियातले प्लेयर जोड, प्रत्येकाच्या खेळावर तुला कमिशन.” भावाने विचारलं, फसवणूक नाही ना? तर समोरच्याने एक पीडीएफ पाठवली. वर परदेशी लॅबचं नाव, खाली सही, मध्ये ‘आरएनजी सर्टिफाइड’. आणि म्हणाला, “सरकारमान्य आहे, बघ.”

भावाचा प्रश्न साधा होता : “सर, सर्टिफिकेट खरं असेल तर पैसे टाकू का?”

व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर दिलं, पण ते पुरेसं नव्हतं. कारण गंमत अशी आहे, की सर्टिफिकेट शंभर टक्के खरं असूनही हा धंदा तुम्हाला बुडवू शकतो. ते कसं, हे समजायला आधी लॅब काय तपासते ते समजलं पाहिजे. म्हणून आज सविस्तर.

आधी डाळीचं उदाहरण घेऊ

जळगावात डाळ मिल कुणाला नवीन नाही. समजा, एक मिलवाला तूरडाळीचा नमुना लॅबला पाठवतो. लॅब ओलावा, भेसळ वगैरे तपासते आणि रिपोर्ट देते. त्या रिपोर्टवर एक ओळ हमखास असते : हा निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यापुरता आहे.

आता हाच रिपोर्ट मिलवाल्याने फ्रेम करून काउंटरवर लावला. त्यावरून तुम्हाला काय कळलं? तो नमुना चांगला होता, एवढंच. आज पोत्यात तीच डाळ आहे का, वजनकाटा बरोबर आहे का, मिलवाला उधारी वेळेवर देतो का, त्याचं लायसन्स चालू आहे का, यातलं काहीच त्या कागदावर नाही. लॅबने खोटं लिहिलेलं नाही. वाचणाराच कागदात नसलेलं वाचतोय.

गेमच्या शिक्क्याचं अगदी असंच आहे. जीएलआय, बीएमएम, इकोग्रा, आयटेक लॅब्स ही या क्षेत्रातली ओळखीची नावं. जीएलआय अमेरिकेत 1989 मध्ये सुरू झाली, इकोग्रा लंडनमध्ये 2003 मध्ये. आपल्याकडे पैशांवरची ऑनलाइन रमी जोरात होती तेव्हा अनेक साइटच्या तळाशी आयटेक लॅब्सचा शिक्का दिसायचा. या लॅब आयएसओ 17025 नावाच्या मानकाप्रमाणे काम करतात. आपल्याकडे पाणी, अन्न, माती तपासणाऱ्या लॅबना एनएबीएलची मान्यता मिळते, तीही याच मानकावर. म्हणजे ‘निकाल नमुन्यापुरता’ हा नियम दोन्हीकडे सारखाच.

मग गेमच्या बाबतीत नमुना म्हणजे काय? तर सॉफ्टवेअरची एक ठराविक फाइल.

लॅब प्रत्यक्षात काय करते?

ऑनलाइन पत्ते पिसायला माणूस नसतो. एक प्रोग्रॅम आकडे काढतो आणि त्या आकड्यांवरून पत्ते, फासे, चाकं ठरतात. या प्रोग्रॅमला म्हणतात रँडम नंबर जनरेटर, थोडक्यात आरएनजी. बहुतेक शिक्के याच्यावर असतात.

गेम बनवणारी कंपनी लॅबला फी भरते आणि प्रोग्रॅमचा मूळ कोड, त्याची कागदपत्रं आणि भरपूर आकड्यांचा नमुना देते. हो, फी कंपनीच भरते, लॅब काही सरकारी खातं नाही. मग लॅब दोन मोठ्या गोष्टी बघते.

पहिली गोष्ट, आकडे समान संधीने येतात का? यासाठी लाखो-करोडो आकडे काढून त्यांच्यावर संख्याशास्त्राच्या चाचण्या लावतात. ‘डायहार्ड’ नावाचा चाचण्यांचा संच त्यातला प्रसिद्ध. एखादा आकडा जास्त येतोय का, एकामागून एक ठराविक जोड्या येतात का, हे त्यातून दिसतं.

पण नुसते आकडे चांगले असून भागत नाही, त्यांचा वापरही बरोबर पाहिजे. तीन पत्त्यांवर करून बघू. एक्का, राजा, राणी. त्यांचे क्रम होतात सहा. आता एखाद्या नवशिक्या प्रोग्रॅमरने लिहिलं, की पहिल्या पत्त्याची तीनपैकी कुठल्याही जागेशी अदलाबदल करा, मग दुसऱ्याची तसंच, मग तिसऱ्याची. वाटतं की छान पिसले. पण हिशोब करा. प्रत्येक वेळी तीन पर्याय, म्हणजे एकूण 27 वाटा. आणि 27 ला 6 ने पूर्ण भाग जात नाही! त्यामुळे तीन क्रम 27 पैकी 5 वेळा येतात आणि उरलेले तीन 4 वेळा. आकडे प्रामाणिक, पण पिसणं वाकडं. बरोबर पद्धत अशी, की आधी तिन्हीमधून एक उचला, मग उरलेल्या दोनमधून एक, राहिलेला शेवटी. वाटा सहा, क्रम सहा. लॅबचा माणूस कोड वाचतो तो अशा चुकांसाठी.

दुसरी गोष्ट, पुढचा आकडा कुणाला आधी ओळखता येतो का? यावर एक खरी घटना आहे, ती ऐका.

1999 : कंपनीने कोड दाखवला आणि पकडली गेली

एएसएफ सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीचं पोकरचं सॉफ्टवेअर काही साइट वापरत होत्या. लोकांचा विश्वास बसावा म्हणून कंपनीने आपला पत्ते पिसायचा कोड जाहीर करून टाकला. हेतू चांगलाच होता, ‘बघा, आम्ही काही लपवत नाही’.

रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या प्रोग्रॅमरांनी तो कोड वाचला. तीन पत्त्यांवर आपण बघितली तशी पिसण्यातली चूक त्यात होतीच. पण मोठा घोळ वेगळा होता. 52 पत्त्यांचे क्रम किती होतात माहीत आहे? साधारण 8 वर 67 शून्यं. मात्र हा प्रोग्रॅम पिसायला सुरुवात करताना कॉम्प्युटरचं घड्याळ बघायचा, मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले ते. दिवसात मिलिसेकंद असतात 8 कोटी 64 लाख. म्हणजे एवढा अफाट ढीग सोडून सगळा खेळ 8.64 कोटी क्रमांतच चालला होता.

त्यांनी आपलं घड्याळ साइटच्या घड्याळाशी जुळवून घेतलं, तेव्हा शक्यता उरल्या फक्त दोन लाखांच्या आसपास. मग हातातले दोन पत्ते आणि टेबलावर उघडलेले तीन, अशा पाच पत्त्यांवरून प्रोग्रॅम सगळ्या शक्यता चाळायचा आणि नेमका क्रम शोधायचा. समोरच्यांच्या हातात काय आहे आणि पुढचा पत्ता कोणता, दोन्ही कळलं, तेही खेळ चालू असताना.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा दोष खेळाडूला आयुष्यभर खेळून दिसला नसता. पत्ते वरवर बघता सरमिसळच वाटत होते. आरएनजीची तपासणी ज्यासाठी असते ते हेच. त्यामुळे मी असं म्हणत नाही की शिक्का फालतू आहे. खऱ्या लॅबचा खरा शिक्का एका खऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. फक्त तो प्रश्न छोटा आहे.

सर्टिफिकेट वाचायचं कसं?

तपासणी झाली की लॅब त्या फाइलचा ‘हॅश’ काढते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. कोडमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो. सर्टिफिकेटवर किंवा सोबतच्या रिपोर्टवर कंपनीचं नाव, सॉफ्टवेअरचं नाव, व्हर्जन, तपासणीची तारीख, कोणत्या मानकाप्रमाणे तपासलं आणि बहुतेक वेळा हा ठसा, एवढं असतं.

धुळ्याच्या भावाने मला पाठवलेली पीडीएफ मी अशीच वाचली. चार प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न, सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे? त्यावर एका परदेशी गेम बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं. साइटचं नाव कुठेच नाही. म्हणजे ते खरं धरलं, तरी तपासणी गेम बनवणाऱ्याची झाली होती, भावाला ऑफर देणाऱ्या साइटची नाही. गेमची नक्कल करून दुसऱ्याच सर्व्हरवर चालवणं आणि मूळ गेमचा शिक्का लावणं, हा तर जुना धंदा आहे.

दुसरा प्रश्न, कोणती वस्तू, कोणतं व्हर्जन? कागदावर एका चाक फिरण्याच्या गेमच्या आरएनजीचं नाव होतं. आणि भावाला प्लेयर जोडायचे होते कशासाठी? क्रिकेटच्या ‘आयडी’साठी! अहो, क्रिकेटच्या सट्ट्यात आरएनजीचा संबंधच येत नाही. मॅच मैदानावर होते आणि भाव साइटवाला ठरवतो. हे म्हणजे डाळीचा रिपोर्ट दाखवून तेल विकल्यासारखं झालं.

तिसरा प्रश्न, तारीख कोणती? कागद काही वर्षं जुना होता. तेव्हाची फाइल तपासली असेल, पण आज सर्व्हरवर तीच फाइल आहे हे कोण बघतं? ब्रिटनसारख्या देशात सरकारी नियामक असतो, तो मान्य लॅबची यादी ठेवतो, बदल झाला की पुन्हा तपासणी मागतो आणि नाही केली तर दंड किंवा लायसन्सवर कारवाई. तिथे शिक्क्यामागे काठी आहे. मागे काठीच नसेल तर शिक्का म्हणजे एका दिवसाचा फोटो.

चौथा प्रश्न, लॅब स्वतः काय म्हणते? जळगावच्या सराफात दागिना घेताना आपण काय करतो? हॉलमार्कचं चित्र बघून थांबत नाही. सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकतो आणि माहिती जुळते का बघतो. इथेही तसंच. खरा शिक्का दाबला की बऱ्याचदा लॅबच्या स्वतःच्या वेबसाइटवर सर्टिफिकेट उघडतं. ॲड्रेस बारमध्ये लॅबचा पत्ता आहे का, नीट अक्षर-अक्षर वाचा. शिक्का दाबल्यावर काहीच उघडलं नाही, किंवा त्याच साइटवरचं चित्र मोठं झालं, तर तो शिक्का नाही, स्टिकर आहे. शंका असेल तर लॅबच्या वेबसाइटवरून थेट ईमेल करून विचारा. साइटवाल्याने दिलेल्या नंबरवर नाही. भावाच्या साइटवर शिक्का दाबला तेव्हा चित्रच मोठं झालं.

फासा खरा, तरी खिसा रिकामा

आता समजा, चारही उत्तरं चांगली आली. तरी एक हिशोब राहतोच.

एक साधा फासा घ्या. दहा रुपये लावा, आकडा सांगा, बरोबर आला तर 57 रुपये परत. फासा अगदी प्रामाणिक आहे. सहा डावांत सरासरी एकदा तुमचा आकडा येणार. सहा डावांत लावले 60, परत आले 57. म्हणजे परतावा 95 टक्के. हजार डाव खेळलात तर दहा हजार लागले आणि सरासरी पाचशे गेले. याला या क्षेत्रात आरटीपी म्हणतात, खेळाडूला परतावा.

आता साइटवाल्याने 57 ऐवजी 45 द्यायचं ठरवलं. परतावा आला 75 टक्क्यांवर. आरएनजीचं सर्टिफिकेट खोटं ठरलं का? नाही! फासा तोच आहे, तेवढाच प्रामाणिक. बदलला तो दर. परताव्याची तपासणी वेगळी असते. त्यात लॅब बक्षिसांचा तक्ता घेऊन गणित करते आणि लाखो डाव चालवून ताळा बघते. ती केली असेल तर कागदावर तसं लिहिलेलं असतं. नुसतं ‘आरएनजी सर्टिफाइड’ लिहिलं असेल तर दराबद्दल लॅब काहीही बोललेली नाही.

आणि आतल्या माणसाचं काय? 2007-08 मध्ये ॲब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेटबेट या दोन मोठ्या साइटवर हेच घडलं. पत्ते पिसण्यात खोट नव्हती. पण काही खात्यांना समोरच्यांचे झाकलेले पत्ते दिसायचे, चोरवाट सिस्टीममध्येच होती. पकडलं कुणी? खेळाडूंनी. एखादा माणूस इतक्या वेळा कसा जिंकतो, याचे हिशोब मांडून त्यांनी आरडाओरडा केला तेव्हा. आरएनजीची तपासणी कितीही कडक असती तरी त्यात हे दिसलं नसतं, कारण प्रश्नच वेगळा होता.

तसंच जिंकलेले पैसे परत मिळतील का, टेबलावरचे बाकीचे खेळाडू माणसं आहेत की बॉट, एजंटचं डिपॉझिट कुठल्या खात्यात जातं, कंपनी उद्या असेल का, यातल्या एकाही गोष्टीवर आरएनजीचा शिक्का काही सांगत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट : कायदा

‘सर्टिफाइड’ आणि ‘कायदेशीर’ हे दोन वेगळे शब्द आहेत. लॅब सॉफ्टवेअर तपासते, परवानगी देत नाही. परवानगी देणार सरकार.

आपल्या देशात ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. जिंकायच्या आशेने पैसे लावायचा ऑनलाइन खेळ या कायद्याने बंद केला, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. आधी ‘रमी हा कौशल्याचा खेळ’ हा मुद्दा कोर्टात चालायचा, या कायद्याने तो फरकच ठेवला नाही. म्हणून रमीच्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. त्यांचे आरएनजी काही एका रात्रीत बिघडले नव्हते. सर्टिफिकेट होतं, धंदा मात्र बंद झाला. शिक्का आणि परवानगी यातला फरक यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

आता आपल्या भावाच्या ऑफरकडे बघा. या कायद्यात असा खेळ चालवणाऱ्यालाच नाही, तर त्याला मदत करणाऱ्यालाही शिक्षा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैशांचे व्यवहार करून दिले तर पुन्हा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि ‘एजंट’ काय करतो? व्हॉट्सॲप स्टेटसला लिंक टाकतो, प्लेयर जोडतो, स्वतःच्या यूपीआयवर पैसे घेतो. म्हणजे तिन्ही कामं एकटाच करतो! साइटवाला परदेशात, सर्व्हर परदेशात. नाव, नंबर आणि बँक खातं मात्र धुळ्याच्या दुकानदाराचं. तक्रार झाली की पहिलं खातं गोठणार ते त्याचंच आणि त्याच खात्यातून दुकानाचा माल येतो.

मग शिक्क्याचा उपयोग कुणाला?

ज्याला पैसे न लावता खेळायचे गेम बनवायचे आहेत त्याला. जळगाव-धुळ्याची इंजिनिअरिंगची पोरं लुडो, पत्त्यांचे गेम बनवतात, जाहिरातीतून किंवा सबस्क्रिप्शनमधून कमावतात. त्या मार्गाला या कायद्यात जागा आहे. अशांनी लॅबकडे जायच्या आधी दोन गोष्टी घरीच तपासाव्यात. आकडे घड्याळावरून न काढता सिस्टीमच्या सुरक्षित जनरेटरमधून घ्या, आणि पिसण्याची पद्धत ‘उरलेल्यातून एक’ हीच ठेवा. मग कधी परदेशी कंपनीने लॅबचा रिपोर्ट मागितला, तर कोड पुन्हा लिहायची वेळ येणार नाही.

धुळ्याच्या भावाला मी शेवटी एकच विचारायला लावलं : “सर्टिफिकेटवर तुमच्या साइटचं नाव आणि आज चालू असलेलं व्हर्जन दाखवा, आणि भारतात हा धंदा कोणत्या परवान्यावर चालतो तो नंबर द्या.” दोन दिवस ‘वरून विचारून सांगतो’ चाललं. तिसऱ्या दिवशी त्या माणसाने त्याला ब्लॉक केलं. दोन लाख वाचले.

तुमच्याकडे असा कुठला कागद आला असेल तर नाव-नंबर झाकून कमेंटमध्ये टाका. त्यावर काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, ते पुढच्या व्हिडिओत मिळून वाचू. भेटू लवकरच!